ओटीपोटाचे जुने दुखणे आणि त्याचा शोध

स्त्रीच्या ओटीपोटात महिनोन् महिने रेंगाळणारे एक दुखणे असते. त्याने ताप येत नाही, अन्न तुटत नाही, आणि बाई अंथरुणालाही खिळत नाही. ती स्वयंपाक करते, पाणी भरते, मुलांना शाळेत धाडते. फक्त मधूनमधून कंबरेवर हात ठेवून भिंतीला टेकते. घरातील माणसांना ही सवयीची गोष्ट होऊन जाते. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकलेल्या आणि केवळ पाळीच्या दिवसांपुरत्या नसलेल्या अशा दुखण्यास वैद्यकशास्त्र 'ओटीपोटाचे जुनाट दुखणे' असे वेगळे नाव देते. ते वेगळे नाव देण्याचे कारण असे की, नव्या दुखण्याचा शोध ज्या रीतीने घ्यावयाचा, त्या रीतीने या दुखण्याचा घेता येत नाही. नवे दुखणे बहुधा एका कारणाचे असते. जुन्याची कारणे पुष्कळदा दोन किंवा तीन असतात आणि ती एकमेकांत गुंतलेली असतात.

या शोधाची निकड आपल्या प्रांतात किती आहे, हे दोन गोष्टींवरून कळेल. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. शंभरातील ९२ स्त्रियांना जननेंद्रियांचा कोणता ना कोणता विकार होता. आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात अवघ्या ८ होत्या. ही झाली शोधच न घेतल्याची गोष्ट. दुसरी गोष्ट शोधावाचून निकाल दिल्याची आहे. धाराशिवला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात ऊसतोडणीस जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीपुढे आली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढून टाकलेले आढळले, म्हणजे सहाजणींत एकीचे. पोट दुखते, अंगावरून पांढरे जाते, अशा तक्रारी घेऊन आलेल्या कित्येकींना 'पिशवी खराब झाली आहे, काढून टाका' असा सल्ला मिळाला होता. पिशवी गेली, दुखणे मात्र सर्वांचे गेले नाही.

तेव्हा या दुखण्याचा शोध कोणत्या क्रमाने घेतात, हे एका उदाहरणाने पाहू. उदाहरण कल्पित आहे. पण त्यातील प्रत्येक पायरी डॉक्टरांच्या नित्याच्या अनुभवातील आहे.

उमरगा हे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील तालुक्याचे गाव. तेथील छत्तीस वर्षांची एक गृहिणी कल्पावी. तिला तीन मुले. शेवटचे मूल सिझेरियन करून झालेले, आणि त्याच वेळी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही उरकलेली. पुढे दोन वर्षांनी डाव्या बाजूस ओटीपोट जड होऊन ठणकू लागले. सोनोग्राफी झाली, ती निर्दोष. पोटात दुर्बीण घालून पाहिले, तेव्हा आतील पडदा जुन्या जखमेच्या आतल्या बाजूस चिकटलेला दिसला. ते बंध कापून मोकळे केले. चार-पाच महिने बरे गेले आणि दुखणे पुन्हा होते तसे सुरू झाले. आता तिला पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला आहे, आणि तो घेऊन ती नवऱ्यासह मोठ्या शहरातील एका अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे आली आहे. तिच्या सासूबाईंनी निघताना विचारले होते, "एकदा पिशवी काढली की सुटली ना ग बाई तू?" या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरीणबाईंना द्यावयाचे आहे.

पहिली तपासणी कानांनी होते. दुखणे केव्हा वाढते, कशाने उतरते, पाळीशी, लघवीशी, शौचाशी, उठण्याबसण्याशी आणि पतीसहवासाशी त्याचा संबंध काय, हे एकेक करून विचारले जाते. हे प्रश्न संकोचाचे खरे. पण उत्तर टाळले तर कारणाचा माग तेथेच हरवतो. म्हणून सुज्ञ डॉक्टर प्रथम नवऱ्याला व सासूला बाहेर बसवतात. पाळीच्या आधी दोन दिवस दुखणे सुरू होऊन पाळीत शिगेला पोचत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर भलत्या ठिकाणी वाढण्याचा जो विकार आहे, त्याची शंका घेतात. शौचास झाल्यावर कळ उतरत असेल तर आतड्यांकडे पाहतात. लघवी तुंबली की दुखते आणि झाली की थांबते, असे असेल तर मूत्राशयाकडे. आणि केवळ स्मरणावर विसंबू नये म्हणून दोन-तीन पाळ्यांची रोजनिशी ठेवावयास सांगतात: रोज सकाळ-संध्याकाळ दुखण्यास शून्यापासून दहापर्यंत गुण द्यावयाचे आणि त्या दिवशी काय काम केले ते शेजारी लिहावयाचे. उमरग्याच्या त्या बाईने मुलाच्या जुन्या वहीत अशी रोजनिशी लिहिली. तिच्यातून एक गोष्ट उघड झाली. सकाळी उठताना आकडा एक किंवा दोन असे. दिवसभर उभ्याने काम झाले की दिवेलागणीस तो सहा-सातवर जाई. तासभर आडवे झाले की पुन्हा खाली येई. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तो सर्वांत चढे. सहवासानंतरही काही तास ठणका राही.

दुसरी तपासणी बोटांनी होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखते ते ठिकाण एका बोटाने दाखवा." बाईने दोन ठिकाणे दाखवली. डाव्या ओटीपोटावर तिने सगळा तळवा फिरवला; पण सिझेरियनच्या व्रणाच्या उजव्या टोकावर मात्र नेमके एकच बोट टेकवले आणि म्हणाली, "इथं वेगळंच दुखतं, सुई टोचल्यावाणी." हा भेद लहान दिसतो, पण फार बोलका आहे. डॉक्टरीणबाईंनी त्या उजव्या ठिकाणी स्वतःचे बोट दाबून ठेवले आणि तिला हात न टेकता डोके व खांदे उचलावयास सांगितले. असे केले असता पोटाचे स्नायू ताठ होऊन आतील अवयवांवर ढाल धरतात. दुखणे आतले असेल तर ते कमी होते किंवा तितकेच राहते. पोटाच्या भिंतीतील असेल तर वाढते. तिचे वाढले. अर्थात हे टोचणे गर्भाशयाचे नव्हते, आतड्याचे नव्हते. व्रणात सापडलेल्या एका बारीक मज्जातंतूचे होते. बधिर करणाऱ्या औषधाची सुई तेथे टोचली आणि काही मिनिटांत ते ठिकाण शांत झाले. अशी सुई परीक्षाही असते आणि उपचारही; काहींना ती दोन-तीनदा घ्यावी लागते. गर्भाशय काढले असते तर हे दुखणे होते तेथेच राहिले असते, कारण ते गर्भाशयात नव्हतेच.

आतील तपासणीही प्रथम एकाच बोटाने आणि हलक्या हाताने करतात. दोन्ही हातांनी एकदम दाबले तर सारेच दुखते आणि काय दुखले ते कळत नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले आहेत काय, गर्भाशयाचे मुख हलवल्यावर कळ येते काय, अंडाशयाच्या जागी दाबल्यावर नेहमीचेच दुखणे जागे होते काय, हे क्रमाने पाहतात. या बाईस डाव्या अंडाशयाच्या जागी दाबताच ती म्हणाली, "हेच ते." यानंतर लघवीची तपासणी, गर्भ राहिला नसल्याची खात्री, संसर्ग पाहण्यासाठी मुखावरील स्रावाची तपासणी हे ओघाने येते. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षय हेही एक कारण ध्यानात ठेवावे लागते. पण त्याची औषधे केवळ संशयावर सुरू करू नयेत, गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासून पुरावा शोधावा, हा नियम आहे.

आता त्या चिकट बंधांचा विचार करू. कारण पहिल्या वेळी सारा दोष त्यांच्यावर आला होता. पोटातील अवयवांवर एक पातळ, गुळगुळीत आवरण असते. शस्त्रक्रियेने किंवा संसर्गाने ते खरचटले की काही तासांतच त्या जागी रक्तातील एक चिकट द्रव्य, कापडाला लावलेल्या खळीसारखे, पसरते. सामान्यतः शरीर ही खळ काही दिवसांत विरघळवून टाकते. ती विरघळली नाही, तर तिच्यात तंतू व बारीक रक्तवाहिन्या शिरतात आणि कायमचा बंध तयार होतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांच्या पोटात असे थोडेफार बंध राहतात, आणि त्यांतील पुष्कळांना आयुष्यभर त्यांची वार्ताही नसते. साध्या सोनोग्राफीत बंध दिसत नाहीत. श्वासाबरोबर किंवा यंत्राच्या दाबाबरोबर अवयव एकमेकांवरून सहज घसरतात की एकत्रच ओढले जातात, यावरून कुशल तपासनिसास अंदाज येतो, इतकेच. प्रत्यक्ष दर्शन दुर्बिणीनेच होते.

परंतु बंध दिसला म्हणजे कारण सापडले, असे म्हणता येत नाही. हॉलंडमध्ये याची मोठी चोख परीक्षा झाली. पोटात बंध आहेत आणि दुसरे कारण सापडत नाही, अशा १०० रुग्णांना दुर्बिणीखाली घेऊन चिठ्ठ्यांच्या न्यायाने दोन गट केले. एका गटाचे बंध कापले. दुसऱ्या गटाचे नुसते पाहून दुर्बीण बाहेर काढली. कोणाचे काय केले हे रुग्णांना सांगितले नव्हते. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षभराने दोन्ही गटांतील पुष्कळांचे दुखणे उतरले होते, आणि बंध कापलेल्यांना अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही. उमरग्याच्या बाईस जे चार-पाच महिने बरे वाटले, त्याचा उलगडा यातून होतो. तिला आराम वाटला तो खरा. पण तो बंध कापल्यामुळेच वाटला, याला पुरावा नाही. शिवाय कापलेल्या जागी नवे बंध येऊ शकतात, आणि कापताना आतड्यास इजा होण्याचा धोका असतो. आतड्यास घट्ट जखडणारे, जाड, रक्तवाहिन्यांनी भरलेले बंध असतील, पोट फुगून उलट्या होत असतील, तर गोष्ट वेगळी. तेथे कापण्यास सबळ कारण असते. तिचा बंध मध्यभागी, पातळ आणि सैल होता. दुखणे डाव्या बाजूस होते. जागाच जुळत नव्हती.

मग डावीकडे काय होते? रोजनिशीने खूण दिलीच होती: उभ्याने वाढते, आडवे झाल्यावर उतरते. हे पाण्याच्या स्वभावासारखे आहे, आणि रक्तही पातळच. अंडाशयाकडून रक्त वर नेणाऱ्या नीला लांब असतात. उजवी नीला पोटातील मुख्य नीलेस तिरपी मिळते. डावी मात्र मूत्रपिंडाच्या नीलेस काटकोनात मिळते, म्हणून डावीकडे रक्त तुंबण्याचा संभव अधिक. नीलांमध्ये रक्त मागे येऊ न देणाऱ्या झडपा असतात. गरोदरपणात या नीला कित्येक पट रुंदावतात, आणि मुलामुलागणिक ताणल्या गेल्या की झडपांची दारे एकमेकांस भिडेनाशी होतात. मग उभे राहिले की रक्त खाली उतरून ओटीपोटात साचते. पायाच्या पोटरीवर ज्या निळ्या फुगलेल्या शिरा आपण पाहतो, त्याच प्रकारच्या शिरा गर्भाशयाच्या व अंडाशयाच्या भोवती झाल्या, असे समजावे. १९४९ साली अमेरिकेतील हॉवर्ड टेलर यांनी या विकाराचे विस्तृत वर्णन केले. पुढे १९८४ साली लंडनच्या रिचर्ड बिअर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी नीलांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी चित्रे घेतली आणि ज्यांच्या पोटात दुर्बिणीला काहीच दिसले नव्हते, अशा कित्येक स्त्रियांत या फुगलेल्या नीला दाखवून दिल्या.

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो: पहिल्या दुर्बिणीला हे का दिसले नाही? याचे कारण तपासणीच्या रीतीतच आहे. दुर्बीण घालताना बाईस उताणे निजवून डोक्याकडची बाजू खाली करतात आणि पोट हवेसारख्या वायूने फुगवतात. डोके खाली गेले की साचलेले रक्त हृदयाकडे ओसरते, आणि वायूच्या दाबाने उरलेल्या नीलाही चपट्या होतात. भरलेला हौद पाहावयाचा आणि पाहण्यापूर्वी त्याची मोरी उघडावयाची, असाच हा प्रकार होय. साध्या सोनोग्राफीतही बाई निजलेली असते आणि रक्ताची दिशा मुद्दाम पाहिली जात नाही. म्हणून डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सोनोग्राफी मागवली, पण चिठ्ठीत नेमका प्रश्न लिहून: रक्ताचा वेग व दिशा दाखवणारी डॉप्लर तपासणी करावी, आणि बाईस उभे करून व श्वास कोंडून जोर करावयास लावूनही पाहावे. अशा तपासणीत डावी अंडाशय-नीला आठ मिलिमीटर रुंद निघाली. सहाच्या वर गेल्यास ती सामान्यतः रुंद मानतात. जोर करताच तिच्यातील रक्त उलटे खाली वाहताना दिसले, आणि गर्भाशयाच्या भिंतीतून आडव्या जाणाऱ्या नीलाही फुगलेल्या दिसल्या.

तरीही डॉक्टरीणबाईंनी 'सापडले' असे एकदम म्हटले नाही. कारण अनेक मुले झालेल्या कित्येक स्त्रियांच्या नीला अशाच रुंद असतात आणि त्यांना काही दुखत नाही. जो नियम बंधांना लावला, तोच नीलांनाही लावला पाहिजे. येथे मात्र तीन साक्षी एकमेकींस जुळत होत्या: रोजनिशीतील संध्याकाळ, डाव्या अंडाशयाच्या जागी दाबताच जागे झालेले ओळखीचे दुखणे, आणि डॉप्लरमधील उलटा प्रवाह. एकट्या चित्रावर निकाल द्यावयाचा नसतो. चित्र, बोट आणि बाईचे बोलणे ही तिन्ही एकाच जागेकडे अंगुली दाखवू लागली, म्हणजे निदानास बळ येते.

उपचारही पायरीपायरीने ठरले. पहिली पायरी औषधाची: अंडाशयाच्या कार्यास काही काळ विश्रांती देणारे हार्मोन काही महिने घ्यावयाचे. त्याने नीलांतील रक्त ओसरून दुखणे पुष्कळ कमी झाले, तर निदानासही पुष्टी मिळते. मात्र औषध थांबल्यावर दुखणे परतू शकते. आणि ते वर्षानुवर्षे घेतल्यास हाडे विरळ होण्याची भीती असते. दुसरी पायरी अशी की, मांडीच्या किंवा मानेच्या नीलेतून बारीक नळी सरकवीत बिघडलेल्या नीलेपर्यंत न्यावयाची आणि धातूच्या बारीक वेटोळ्यांनी ती आतून बंद करावयाची. पोट उघडावे लागत नाही, पिशवी जागेवर राहते. पुष्कळ स्त्रियांना याने आराम पडतो, परंतु मोठ्या तुलनात्मक परीक्षा अजून थोड्या आहेत, म्हणून हमी कोणी देऊ नये. हे काम जाणणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांतच मिळतात. पाळी कायमची थांबल्यावर हा विकार बहुधा आपोआप शमतो, हेही रुग्णास सांगावयास हवे. कारण पंचेचाळिशीच्या बाईचा निर्णय त्यामुळे बदलू शकतो.

उमरग्याच्या बाईने औषध घेतले. तीन महिन्यांनी वहीतील संध्याकाळचा आकडा सात होता तो तीनवर आला. व्रणातील टोचणे दुसऱ्या सुईनंतर गेले. शून्य मात्र आले नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू इतक्या दिवसांच्या दुखण्याने आखडून गेले होते. त्यांना सैल करण्याचा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे तिला पाठवण्यात आले. महिनोन् महिने दुखत राहिलेल्या शरीराचे मज्जातंतूही हळवे होतात आणि लहान संवेदनाही मोठी करून सांगतात. म्हणून पूर्वीचे कारण दूर झाले तरी काही दुखणे मागे रेंगाळते. याचा अर्थ बाई खोटे सांगते असा नव्हे.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. पिशवी काढल्याने काहींचे दुखणे थांबते. गर्भाशयाच्या भिंतीचाच विकार सिद्ध झाला असेल तर ती शस्त्रक्रिया योग्यही ठरते. परंतु केवळ जुनाट दुखण्यासाठी गर्भाशय काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचांत एकीचे दुखणे पुढेही राहिल्याचे एका अभ्यासात दिसून आले. आणि पिशवीबरोबर तरुण वयात दोन्ही अंडाशये गेली, तर हाडे ठिसूळ होणे व हृदयविकार यांचा धोका वाढतो. म्हणून असा सल्ला मिळाला असता घरच्यांनी डॉक्टरांना तीन गोष्टी शांतपणे विचाराव्यात: कारण कोणते सापडले, त्याची जागा दुखण्याच्या जागेशी जुळते काय, आणि याहून लहान उपाय करून पाहिला काय. या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत थांबल्यास बहुधा बिघडत नाही.

न थांबण्याची प्रसंगेही आहेत. पाळी चुकली असता एकाएकी तीव्र कळ येणे, तापासह ओटीपोट दुखणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, लघवीतून किंवा शौचातून रक्त जाणे, विनाकारण वजन घटणे अथवा पोटात गाठ लागणे, यांपैकी एकही खूण दिसली तर रोजनिशी लिहीत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एरवी, दुखणे जुने असेल तर शोधाचा आरंभ घरातच होतो: एक वही, एक पेन्सिल, आणि बाई काय सांगते ते मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकून घेणारे माणूस.